देशापासून वाशीमपर्यंत : संशोधनाची प्रस्तावना थराथराने कशी उतरवावी

(वाशीम जिल्ह्यातील पदव्युत्तर व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी संगणक अभियंता आहे, समाजशास्त्राचा प्राध्यापक नाही. पण कामाच्या निमित्ताने मला तांत्रिक अहवाल आणि शोधनिबंध वाचावे लागतात, लिहावेही लागतात. गेली काही वर्षे आपल्या भागातील विद्यार्थी त्यांच्या प्रबंधाचे आराखडे मला वाचायला पाठवतात. त्यातल्या बहुतेकांची अडचण एकाच जागी असते. प्रश्नावली चांगली असते, गावोगाव फिरण्याची तयारी असते, पण पहिली चार पाने वाचून हा अभ्यास का करायचा ते कळत नाही. म्हणून आज मी फक्त त्या पहिल्या चार पानांबद्दल, म्हणजे प्रस्तावनेबद्दल बोलणार आहे. उदाहरणही एकच घेणार आहे : ‘वाशीम जिल्ह्यातील उर्दू माध्यमाच्या मुलींचे दहावीनंतरचे शिक्षण’. तुमच्यापैकी अनेकांचे विषय याच्या आसपासचे आहेत.

आधी एक नाव सांगतो. जॉन स्वेल्स या भाषाअभ्यासकाने 1981 साली वेगवेगळ्या विषयांतील 48 शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासल्या. विषय कोणताही असो, प्रस्तावनेची चाल सारखीच असते, असे त्याला आढळले. 1990 च्या पुस्तकात त्याने ही चाल तीन पावलांत मांडली. पहिल्या पावलात लेखक आपले क्षेत्र दाखवतो : या विषयावर काम झाले आहे आणि तो महत्त्वाचा आहे. दुसऱ्या पावलात तो त्या क्षेत्रातली मोकळी जागा दाखवतो. तिसऱ्या पावलात त्या जागेवर आपण काय करणार ते सांगतो. आपल्याकडे मोकळ्या जागेला ‘संशोधनातील उणीव’ किंवा ‘पोकळी’ म्हणतात. मी पोकळी हाच शब्द वापरतो.

तीन पावले ऐकायला सोपी आहेत. खरी मेहनत असते ती पहिल्या पावलावरून दुसऱ्यावर जाताना. रुंद पार्श्वभूमीवरून अरुंद पोकळीपर्यंत वाचकाला एका उडीत नेता येत नाही. मध्ये पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरी संदर्भावर उभी असावी लागते. आपल्या उदाहरणात या पायऱ्या चार आहेत : देश, राज्य, जिल्हा आणि जिल्ह्यातला नेमका गट.

पहिला थर : देश

बहुतेक आराखडे याच्याही वरून सुरू होतात. शिक्षण हा माणसाचा तिसरा डोळा आहे, इल्म हासिल करणे प्रत्येकावर फर्ज आहे, अशी वाक्ये येतात. ती खरी असली तरी कोणी ती नाकारत नाही, त्यामुळे त्यांच्यातून प्रश्न निघत नाही. प्रस्तावनेचा पहिला थर इतकाच रुंद असावा की त्याला पुरावा देता येईल.

आपल्या विषयासाठी तो पुरावा सरकारी कागदांत आहे. गोपाल सिंह समितीचा अहवाल 1983 चा. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समिती मार्च 2005 मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल नोव्हेंबर 2006 मध्ये आला. या थरात संदर्भ एकत्र देता येतात. ‘देशातील मुस्लिम समाजाचे शैक्षणिक मागासलेपण शासकीय समित्यांनी नोंदवले आहे (गोपाल सिंह समिती, 1983, सच्चर समिती, 2006)’ असे एक वाक्य पुरते. प्रत्येक अहवालाचा सारांश देत बसलात तर दहा पाने इथेच संपतील आणि वाशीम अजून दूरच राहील.

आकडा द्यायचा असेल तर तो मूळ ठिकाणाहून घ्या. सच्चर अहवालात 2001 सालची मुस्लिमांची साक्षरता 59.1 टक्के आणि राष्ट्रीय सरासरी 65.1 टक्के दिली आहे. हे दोन आकडे तेव्हापासून शेकडो लेखांत फिरत आहेत. पण हे आकडे ज्या जनगणनेतून आले, तिचा 2001 चा धर्मविषयक अहवाल उघडा. तिथे मुस्लिमांचा आकडा 59.1 हाच आहे, मात्र सर्व धर्म मिळून राष्ट्रीय साक्षरता 64.8 टक्के आहे. 65.1 हा आकडा त्या तक्त्यात हिंदू समाजाच्या साक्षरतेसमोर आहे. फरक छोटा आहे, युक्तिवाद बदलत नाही. पण परीक्षकाने मूळ तक्ता पाहिला तर तुमच्या बाकीच्या आकड्यांकडेही तो संशयाने पाहील. म्हणून समितीचे मत हवे असेल तर समितीचा संदर्भ द्या आणि जनगणनेचा आकडा हवा असेल तर जनगणनेचा.

दुसरा थर : राज्य

इथे बहुतेक प्रस्तावना घसरतात. पहिला परिच्छेद संपतो : देशात मुस्लिम साक्षरतेत मागे आहेत. दुसरा परिच्छेद सुरू होतो : वाशीम जिल्ह्यातही हीच परिस्थिती आहे. मधले राज्य गाळले जाते, कारण देशात जे आहे तेच राज्यात आणि जिल्ह्यात असणार असे लेखक गृहीत धरतो.

त्याच 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्राची ओळ बघा. राज्याची साक्षरता 76.9 टक्के. राज्यातील मुस्लिमांची साक्षरता 78.1 टक्के. म्हणजे महाराष्ट्रात मुस्लिम समाज साक्षरतेत राज्याच्या सरासरीच्या खाली नव्हता, किंचित वर होता. याचे एक मोठे कारण असे की राज्यातील मुस्लिम लोकसंख्येचा बराच मोठा भाग शहरांत राहतो आणि शहरांत शाळा जवळ असतात.

आता तुमच्या प्रस्तावनेचे काय झाले? ‘देशात मागे, म्हणून वाशीममध्ये मागे’ ही साखळी इथेच तुटली. पण विषय संपला नाही. तो अधिक नेमका झाला. साक्षरता म्हणजे लिहिता-वाचता येणे. मुलगी चौथी शिकली तरी ती साक्षर आणि बी.एस्सी. झाली तरी साक्षर. साक्षरतेत फरक दिसत नसेल तर प्रश्न पुढच्या वर्गांत शोधायचा. महाराष्ट्र सरकारने 2008 साली डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला आणि त्याने 2013 साली अहवाल दिला. राज्यातील मुस्लिमांच्या शिक्षणाचा आणि रोजगाराचा विचार त्यात आहे. राज्याच्या थरावर तुमचा मुख्य संदर्भ हाच. तो पूर्ण वाचा, आणि त्यातले दहावीच्या पुढच्या शिक्षणाचे तक्ते तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात आणा.

थर उतरण्याचा अर्थ इथे नीट कळतो. खाली येताना फक्त भूगोल अरुंद होत नाही, प्रश्नही बदलत जातो. प्रत्येक थरावर स्वतःला विचारायचे : वरच्या थरातले विधान इथे टिकते का? टिकत असेल तर पुरावा द्यायचा. टिकत नसेल तर ‘मात्र’ लिहून प्रश्नाचे नवे रूप सांगायचे. चांगल्या प्रस्तावनेत असा एखादा ‘मात्र’ असतोच, आणि पुढची पोकळी बहुधा त्याच्याच पोटातून निघते.

याचा परिणाम कागदापुरता नाही. साक्षरता कमी आहे असे लिहिलेत तर शिफारस निघेल साक्षरता वर्गांची. दहावीनंतर वाट बंद होते असे दाखवलेत तर शिफारस निघेल कनिष्ठ महाविद्यालयाची, वसतिगृहाची, एसटीच्या वेळेची. पहिल्या दोन परिच्छेदांत चुकलेला प्रश्न शेवटच्या प्रकरणात चुकीची मागणी होऊन बाहेर पडतो. शिवाय ‘आपल्याकडे मुलींना शिकवतच नाहीत’ हा सरसकट समज, जो आपण बाहेरच्यांकडून ऐकतो, तो आपल्याच हाताने संदर्भासह छापला जातो.

तिसरा थर : जिल्हा

आता वाशीम. आधी जिल्ह्याची वये लक्षात घ्या. हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. इंग्रजांच्या काळात ‘बाशीम’ नावाचा जिल्हा होता, तो 1905 साली अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत विभागला गेला. म्हणजे वाशीम जिल्ह्याचा स्वतंत्र आकडा असलेली आजच्या काळातली पहिली जनगणना 2001 ची. 1991 चा किंवा गोपाल सिंह समितीच्या काळातला ‘वाशीम जिल्ह्याचा’ आकडा कोणी दिला तर तो अकोल्याचा आहे की तालुक्यांची बेरीज करून काढला आहे, ते विचारा. शोध घेतानाही `Washim` सोबत `Basim` आणि `Akola` हे शब्द टाकून पाहा. जुने काम त्याच नावांखाली सापडते.

जिल्ह्याच्या थरावर एक महत्त्वाचा कागद आहे आणि तो फार कमी विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. सच्चर अहवालानंतर केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने 2001 च्या जनगणनेवरून देशातील 90 अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले चार : परभणी, हिंगोली, बुलढाणा आणि वाशीम. या जिल्ह्यांची पायाभूत पाहणी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेमार्फत करून घेण्यात आली. वाशीमचाही स्वतंत्र अहवाल आहे. तुमच्या जिल्ह्यावर, तुमच्या समाजासंबंधी घराघरांत जाऊन केलेली पाहणी हातात असताना ‘वाशीमवर कोणतीही माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिणे परवडणार नाही.

पण हा अहवाल वाचताना त्याच्या निष्कर्षांच्या आधी त्याची पद्धत वाचा. या पाहणीत जिल्ह्यातील साधारण 30 गावे निवडायची आणि प्रत्येक गावातून 30 कुटुंबे घ्यायची, अशी रचना होती. जिथे ग्रामीण लोकसंख्या पाच लाखांपर्यंतच होती तिथे 25 गावे. म्हणजे साधारण 900 कुटुंबे, आणि ती सगळी गावांतली. आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड ही नगरे त्या 30 गावांत बसत नाहीत. मुस्लिम वस्तीचा मोठा भाग तर या नगरांत आहे, आणि उर्दू शाळाही.

पोकळी सापडते ती अशी, आधीच्या अभ्यासाच्या पद्धतीच्या प्रकरणात. कोणाला विचारले, कुठे विचारले, कोणत्या वर्षी विचारले, आणि काय विचारले नाही. या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक संदर्भासमोर लिहून काढा. मी स्वतः साधा तक्ता करतो : एका ओळीत एक संदर्भ आणि चार रकाने – थर, काय दाखवले, कशाच्या आधारे, कुठे थांबले. पंधरा-वीस ओळी भरल्या की शेवटचा रकाना वरून खाली सलग वाचायचा. तीन-चार अभ्यास एकाच ठिकाणी थांबलेले दिसले तर तिथे पोकळी असण्याची शक्यता आहे.

चौथा थर : नेमका गट आणि पोकळी

आपल्या तक्त्याचा शेवटचा रकाना काय सांगतो ते पाहू. सच्चर समितीने नमुना पाहण्यांचे जे आकडे वापरले ते देश आणि राज्य यांच्यासाठी भक्कम आहेत. एका जिल्ह्यातल्या एका समाजाच्या मुलींबद्दल बोलायला तेवढी कुटुंबे त्या नमुन्यात नसतात. जनगणनेचा `C-9` तक्ता धर्मनिहाय शिक्षणाची पातळी देतो, पण तो डोकी मोजतो. एखादी मुलगी दहावीनंतर का थांबली, शाळेचे माध्यम कोणते होते, हे त्यात नाही. शाळांकडून दरवर्षी भरून घेतली जाणारी यू-डायसची माहिती इयत्तावार पटसंख्या देते. दहावीला इतक्या आणि अकरावीला तितक्या, हे तिथून कळेल. पण मधल्या मुली घरी बसल्या, लग्न झाले, की अकोला-अमरावतीला शिकायला गेल्या, हे नुसत्या पटसंख्येवरून ठरवता येत नाही. पायाभूत पाहणीने कुटुंबांना विचारले, पण गावांत, आणि 2008 च्या सुमारास.

या थरावर संदर्भ देण्याची रीतही बदलते. वर आपण दोन-तीन अहवाल एका कंसात बांधले. इथे एकेक अभ्यास वाक्याचा कर्ता होतो : ‘पायाभूत पाहणीने गावांतील कुटुंबे घेतली’, ‘अमुक संशोधकाने तमुक शाळा घेतल्या’. स्वेल्सनेच हा फरक नोंदवला आहे. नाव कंसात असले की वाचकाचे लक्ष माहितीकडे जाते. नाव वाक्यात आले की लक्ष त्या अभ्यासाकडे आणि त्याच्या मर्यादेकडे जाते. पोकळीच्या जवळ आल्यावर आपल्याला मर्यादाच दाखवायची असते. उलटे केले, म्हणजे वर प्रत्येक समितीला अर्धे पान आणि खाली जवळच्या पाच प्रबंधांना मिळून एक कंस, तर प्रस्तावना डोक्यावर उभी राहते.

पोकळी जाहीर करण्याआधी एक काम राहते. ‘शोधगंगा’वर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे प्रबंध शोधा. उर्दू, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान हे चारही विभाग पाहा, कारण मुलींच्या शिक्षणावरचे काम कोणत्या विभागात झाले असेल सांगता येत नाही. इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत शोध घ्या. उर्दूतले काम मराठी विद्यार्थी पाहत नाहीत, मराठीतले उर्दूचे विद्यार्थी पाहत नाहीत, आणि दोघेही ‘अभ्यास झालेला नाही’ असे लिहून मोकळे होतात. यातून जवळचा प्रबंध सापडला तर घाबरू नका. त्याने जिथे थांबवले तिथून पुढे जाणे हीसुद्धा स्वेल्सने मान्य केलेली वाट आहे.

आता सगळे थर एकत्र ठेवून छोटा नमुना वाचतो. खऱ्या प्रबंधात प्रत्येक वाक्याचा परिच्छेद होईल.

‘देशातील मुस्लिम समाजाचे शैक्षणिक मागासलेपण शासकीय समित्यांनी नोंदवले आहे (गोपाल सिंह समिती, 1983, सच्चर समिती, 2006). 2001 च्या जनगणनेत देशाची साक्षरता 64.8 टक्के, तर मुस्लिमांची 59.1 टक्के होती. महाराष्ट्रात मात्र हे अंतर दिसत नाही : राज्याची साक्षरता 76.9 टक्के आणि मुस्लिमांची 78.1 टक्के होती (भारताची जनगणना, 2001). त्यामुळे राज्याच्या संदर्भात साक्षरतेपेक्षा माध्यमिक टप्प्यानंतरचे शिक्षण तपासणे आवश्यक ठरते. वाशीम हा महाराष्ट्रातील चार अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांपैकी एक आहे. तेथील पायाभूत पाहणीने निवडक गावांतील कुटुंबांची माहिती दिली. नगरपरिषद असलेली गावे तिच्या कक्षेत नव्हती. यू-डायसमधून इयत्तावार पटसंख्या मिळते, परंतु शाळा सोडल्यानंतर मुली कुठे जातात याचा उलगडा होत नाही. परिणामी, जिल्ह्यातील नगरांमध्ये उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलींचा पुढील मार्ग या स्रोतांवरून समजत नाही. प्रस्तुत अभ्यास कारंजा आणि मंगरूळपीर येथील अशा मुलींचा दहावीनंतरच्या दोन वर्षांचा मार्ग तपासतो.’

या नमुन्यात पोकळीचे वाक्य बघा. ‘आजपर्यंत कोणीही अभ्यास केलेला नाही’ असे ते म्हणत नाही. ‘या स्रोतांवरून समजत नाही’ असे म्हणते. पहिले विधान सिद्ध करायला जगातले सगळे ग्रंथालय पालथे घालावे लागेल आणि एक प्रबंध सापडला की ते खोटे ठरेल. दुसऱ्या विधानाचा पुरावा वाचकासमोरच आहे. शोधगंगेवर तुम्हाला जे सापडेल ते याच वाक्याच्या आधी एकेक करून येईल.

दुसरी गोष्ट, अभ्यास झालेला नाही एवढ्याने अभ्यास करण्याचे कारण होत नाही. रिसोडमधल्या दहावी झालेल्या मुलींच्या चपलांचे माप कोणी घेतलेले नाही, म्हणून ते संशोधन होत नाही. पोकळीमुळे काय अडते ते एका वाक्यात सांगा. आपल्या उदाहरणात अडते ते असे : वसतिगृह हवे की जवळ विज्ञान शाखा हवी, की उर्दूतून मराठी-इंग्रजीकडे जाण्यासाठी मधला वर्ग हवा, हे ठरवायला माहिती नाही.

तिसरी, शेवटच्या दोन वाक्यांचे शब्द जुळले पाहिजेत. पोकळी नगरांतल्या मुलींची दाखवली आणि नमुना मात्र सोयीचा म्हणून मालेगाव तालुक्यातल्या खेड्यांत घेतला, असे होते. पोकळी ‘का थांबतात’ याची आणि हातात फक्त शाळेचे हजेरीपत्रक, असेही होते. पोकळीचे वाक्य आणि उद्दिष्टाचे वाक्य एकाखाली एक लिहून स्थळ, गट, टप्पा आणि प्रश्न हे चार शब्द पेन्सिलीने जोडून पाहा. एक जरी रेघ जोडली गेली नाही तर दोनांपैकी एक वाक्य बदला. अनेकदा बदलायचे असते ते पोकळीचे वाक्य, कारण तुम्ही प्रत्यक्षात काय करू शकता त्याला मर्यादा आहे.

तुमचा मसुदा तपासायला एक सोपा उपाय आहे. प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा आणि सलग वाचा. देश, राज्य, जिल्हा, गट असा उतार ऐकू आला पाहिजे. जिल्ह्यावर आल्यावर पुन्हा ‘भारतात’ किंवा ‘जागतिक पातळीवर’ असा शब्द आला तर तो परिच्छेद वर न्यायचा आहे किंवा काढून टाकायचा आहे. मग कंसातली वर्षे बघा. खाली येताना संदर्भ जवळचे आणि शक्यतो नवे व्हायला हवेत. सगळ्यात खालच्या थराला फक्त 2006 चा राष्ट्रीय अहवाल असेल तर तुम्ही अजून खाली उतरलेलाच नाही.

आज घरी जाऊन प्रस्तावना लिहू नका. आधी तो चार रकान्यांचा तक्ता करा आणि पायाभूत पाहणीचा वाशीमचा अहवाल मिळवून त्याचे पद्धतीचे प्रकरण वाचा. ज्यांचा तक्ता पंधरा ओळींपर्यंत भरला असेल त्यांनी पुढच्या बैठकीला तो सोबत आणावा. आपण शेवटचा रकाना एकत्र वाचू.